नोकरी गेली ते इंटरव्ह्यूत कसं सांगायचं: आधी कागद, मग उत्तर

लेऑफ झाला किंवा काढलं, आता इंटरव्ह्यूत काय बोलू, असं विचारणाऱ्या बहुतेकांना एक तयार वाक्य हवं असतं. वाक्य देता येतं हो, पण ते तुमच्या रिलिव्हिंग लेटरशी जुळलं नाही तर इंटरव्ह्यूत निभावतं आणि पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकतं. तिथे अडकणं जास्त वाईट, कारण तोपर्यंत तुम्ही बाकीच्या दोन कंपन्यांना नाही म्हणून बसलेले असता. मी मुंबईत ऑपरेशन्सच्या जागांसाठी माणसं निवडायला बसतो, आणि नोकरी गेली म्हणून कोणाला नाकारलंय असं क्वचितच झालंय, नाकारलं जातं ते उत्तर तीन प्रश्नांत तीनदा बदललं म्हणून.

लेऑफचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं असतं, त्यामुळे त्यावर थोडक्यातच लिहितोय. जास्त भर सगळ्यात अवघड केसवर देतो, म्हणजे कामगिरी कमी पडली, पीआयपी लागला, म्हणजे ठराविक मुदतीत कामगिरी सुधारून दाखवा असं लेखी सांगितलं, आणि मग "राजीनामा दे, नाहीतर आम्ही टर्मिनेट करतो" असं झालं. उदाहरणही तेच, ओळखीतला डोंबिवलीचा एक मुलगा, कर्ज देणाऱ्या एका कंपनीत लोन ऑपरेशन्सला होता, टीम लीड झाल्यावर वर्षाच्या आत ही वेळ आली. त्याच्या परवानगीने सांगतोय, ओळख पटेल असं काही देत नाही.

## १. आधी कागद काढा, उत्तर नंतर

एका फोल्डरमध्ये या गोष्टी गोळा करा: ऑफर किंवा अपॉइंटमेंट लेटर, रिलिव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, फुल अँड फायनलचा हिशोब, आणि नोकरी संपली असं ज्या मेलमध्ये लिहिलंय तो मेल. तो मेल ऑफिसच्या आयडीवर असेल आणि आता लॉगिन बंद झालं असेल तर एचआरकडून लेखी मागवून घ्या. लॅपटॉप परत द्यायचा राहिला म्हणून रिलिव्हिंग लेटर अडकलं असेल तर आधी तो देऊन या, त्यासाठी ऐरोलीला एक चक्कर पडली तरी चालेल.

मग तीन गोष्टी जुळतात का बघा. पहिली, शेवटचा दिवस. रिलिव्हिंग लेटरवर एक तारीख, तुमच्या सीव्हीवर दुसरी आणि पीएफमध्ये तिसरी असं सर्रास असतं. पीएफची तारीख मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडलं की दिसते. कंपनीने ती टाकलीच नसेल तर शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जमा झाल्यावर दोन महिन्यांनी `Manage` मध्ये `Mark Exit` वापरून आधारच्या ओटीपीने स्वतः टाकता येते, फक्त टाकताना लेटर समोर ठेवा कारण चुकलेली तारीख नंतर सहज बदलता येत नाही. तिथे कारण म्हणून `Cessation (Short Service)` दिसलं तर घाबरू नका, काढून टाकलं असा त्याचा अर्थ होत नाही, राजीनामा दिलेल्यांच्या नावापुढेही तेच असतं.

दुसरी, जाण्याचं कारण कोणत्या शब्दांत लिहिलंय. "तुमचा राजीनामा स्वीकारला आहे" असं आहे, की "तुमची सेवा संपुष्टात आणत आहोत" असं आहे, की नुसतं "या तारखेला सेवेतून मुक्त" एवढंच आहे. हे तीन वेगळे कागद आहेत आणि तिघांवर बोलायचं उत्तरही वेगळं.

तिसरी, तुम्ही जाताना कशावर सही केलीय. लेऑफच्या वेळी दोनतीन महिन्यांचा पगार देताना कंपन्या बऱ्याचदा एका कागदावर सही घेतात आणि त्यात गोपनीयतेचं आणि कंपनीबद्दल वाईट न बोलण्याचं कलम असतं. पैसे येतायत म्हणून लोक न वाचता सही करतात आणि मग इंटरव्ह्यूत आकड्यांसकट सगळं सांगत सुटतात. काय बोलायचं नाही ते आधी माहीत पाहिजे.

तपासा: नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर जुनी कंपनी अजून "सध्या" म्हणून दिसतेय का? तोंडाने खरं सांगितलं आणि प्रोफाइल दुसरंच बोलत असेल तर समोरचा प्रोफाइलवर विश्वास ठेवतो.

## २. जुन्या एचआरला एक मेल टाका

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मनात राग असतो, परत त्यांचं तोंड बघायचं नसतं, समजतं मला. पण व्हेरिफिकेशनवाले फोन किंवा मेल करणार त्यांनाच, आणि विचारणार साधारण हेच: कधीपासून कधीपर्यंत होता, पद काय, शेवटचा पगार किती, का सोडलं, परत घ्याल का, शिस्तीबद्दल किंवा पैशाच्या व्यवहाराबद्दल काही तक्रार होती का. बऱ्याच मोठ्या कंपन्या फक्त तारखा आणि पद सांगतात, काही सगळं सांगतात. तुमची कंपनी यातली कुठली, हे अंदाजाने ठरवू नका.

मेल चार ओळींचा पुरे. माझी या तारखेपर्यंत नोकरी होती, आता इंटरव्ह्यू सुरू आहेत, व्हेरिफिकेशनला आपण जाण्याचं कारण काय सांगता आणि "परत घेण्यास पात्र" यापुढे काय नोंद आहे ते कृपया कळवावं, आणि त्यासाठी कुठल्या आयडीवर संपर्क करायचा तेही. बस. त्यात पीआयपी कसा चुकीचा होता हे पुन्हा उगाळायचं नाही.

डोंबिवलीच्या मुलाला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की कारण "राजीनामा" असं सांगतो, परत घेण्याच्या रकान्यात "नाही" आहे. हा "नाही" आधी कळला म्हणून तो पुढे वाचला, कारण नुसत्या "राजीनामा" वर विसंबून तो पुढच्या इंटरव्ह्यूतही "ग्रोथसाठी सोडली" असंच म्हणणार होता.

सावध: मेलला उत्तर आलं नाही तर एक आठवडा थांबून एकदाच आठवण करा. रोज फोन करणाऱ्याचं नाव तिथे नको त्या कारणाने लक्षात राहतं.

## ३. आपली केस कुठली ते स्वतःशी नीट ठरवा

लेऑफ म्हणजे जागा गेली, माणसाच्या कामामुळे नाही. पीआयपीनंतर जाणं म्हणजे कामगिरी. प्रोबेशनमध्ये कन्फर्म न होणं ही तिसरी गोष्ट, आणि हजेरी, नियमभंग, दुसरीकडे लपून काम करणं, खोटी बिलं ही चौथी. गडबड होते ती दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचं नाव दिल्यामुळे. "लेऑफ झाला" म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, पण पुढचा प्रश्न हमखास येतो, किती जणांचा झाला? आणि मुंबईत एका धंद्यातली माणसं तीच ती, अंधेरीतून उठून बीकेसीला, तिथून लोअर परळला, समोर बसलेल्या बाईंची जुनी सहकारी तुमच्याच मजल्यावर होती असं निघतं.

लेऑफ खरंच असेल तर तीन गोष्टी सांगा: काय बंद झालं, साधारण किती जण गेले, आणि तुम्ही त्यात का होता. "मुंबईचं सपोर्ट डेस्क बंद करून काम बंगळुरूला नेलं, आमच्या चौदा जणांपैकी तिघांना तिकडे बोलावलं, तिघेही त्या सॉफ्टवेअरवर माझ्याआधीपासून होते." एवढ्यात झालं. निवड कशी केली ते सांगितलं नसेल तर "निकष आम्हाला सांगितले नाहीत, त्या वर्षीचं माझं रेटिंग हे होतं" असं म्हणा आणि रेटिंगचं पत्र असेल तर दाखवायची तयारी ठेवा. यापुढे कंपनीचं फंडिंग, मॅनेजमेंटचे चुकलेले निर्णय, सीईओ काय म्हणाले, यातलं काही नको, ती माहिती तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

चौथ्या प्रकाराबद्दल एकच. लेटरवर गैरवर्तन किंवा पैशाची अफरातफर असं काही लिहिलेलं असेल तर बँका आणि कर्जकंपन्यांत ते लपत नाही, पहिल्या एचआर कॉललाच सांगून वेळ वाचवा, आणि प्रकरण कोर्टात किंवा लेबर कमिशनरकडे चालू असेल तर काय बोलायचं ते आधी वकिलाला विचारा.

## ४. उत्तर लिहून काढा

आता कुठे वाक्य. चार भाग, याच क्रमाने: काय झालं, त्यात माझं काय चुकलं, त्याबद्दल मी काय केलं, आणि त्यावरून तुमच्या कामाबद्दल एक प्रश्न. सगळं मिळून एक मिनिटाच्या आत. क्रम उलटा केला, म्हणजे आधी आपण काय सुधारलं ते सांगून मग हळूच "आणि तिथून निघालो" म्हटलं, तर ऐकणारा सुधारणा ऐकतच नाही, तो मनात विचारत बसतो की हा नक्की निघाला का आणि कसा.

आधी डोंबिवलीच्या मुलाचं पहिलं उत्तर कसं फसलं ते बघा. गोरेगावला एका कंपनीत त्याने सांगितलं, ग्रोथसाठी सोडली.

"हातात दुसरी ऑफर होती?"

"नाही सर."

"नोटीस किती होती?"

"दोन महिने."

"राजीनामा सहा तारखेचा, रिलिव्हिंग तेरा तारखेचं. बायआउट केलंत?"

बायआउट म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटणं. इथे तो गप्प झाला. ज्याला खरंच जायचं असतं त्याला कंपनी सहसा दोन महिने सोडत नाही, हॅन्डओव्हर हवा असतो. नोटीस माफ करून आठवड्यात सोडलं म्हणजे कंपनीलाच घाई होती, हे कुठल्याही एचआरला लेटरच्या तारखा बघून कळतं. कागद समोर ठेवून आधी स्वतः वाचा असं वर म्हटलं ते यासाठी.

मग आम्ही बसून दुसरं लिहिलं. ते मराठीत देतोय, तुम्ही इंटरव्ह्यू ज्या भाषेत होणार त्या भाषेत मोठ्याने म्हणून बघा, कारण मराठीत सहज वाटणारं वाक्य इंग्रजीत बोलताना माणूस नको तिथे अडखळतो.

"मी तिथे साडेपाच वर्षं होतो, शेवटचे अकरा महिने टीम लीड. लीड झाल्यावर फाईलचा टीएटी आणि चुका या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आल्या. टीएटी मी खाली आणला, पण नॅच मँडेट रिजेक्ट होण्याचं प्रमाण कमी करू शकलो नाही. साठ दिवसांचा पीआयपी होता, त्यात ठरलेली पातळी गाठली नाही आणि कंपनीने मला राजीनामा द्यायला सांगितलं. कागदावर राजीनामा आहे, निर्णय कंपनीचा होता. माझं चुकलं ते असं की मी रिजेक्ट झालेली मँडेट परत परत पाठवत राहिलो, ती का परत येतायत ते मुळाशी जाऊन बघितलं नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत बघितलं तेव्हा कळलं की बरीचशी नावातल्या फरकामुळे येत होती, मग एका शाखेच्या फाईलींना डिस्बर्समेंटच्या आधी पेनी ड्रॉप लावून नाव जुळवायला लागलो, त्या शाखेत फरक पडला, पण तोवर मुदत संपली होती. तुमच्याकडे मँडेट डिस्बर्समेंटच्या आधी रजिस्टर होतं की नंतर?"

बाहेरच्या क्षेत्रातल्यांसाठी: टीएटी म्हणजे फाईल पूर्ण व्हायला लागणारा वेळ, डिस्बर्समेंट म्हणजे कर्जाची रक्कम ग्राहकाला देणं, नॅच मँडेट म्हणजे खात्यातून दर महिन्याला हप्ता कापायला ग्राहकाने दिलेली परवानगी, आणि पेनी ड्रॉप म्हणजे त्या खात्यात एक रुपया पाठवून बँकेत नाव काय आहे ते तपासणं. फाईलवर सुनिता आणि बँकेत सुनीता, किंवा बँकेत लग्नाआधीचं आडनाव, अशा गोष्टी त्यात पकडता येतात.

हे उत्तर का चाललं ते बघा. "कागदावर राजीनामा आहे, निर्णय कंपनीचा होता" या वाक्याने व्हेरिफिकेशनमध्ये पुढे काहीही आलं तरी धक्का बसणार नाही. चूक नेमकी आहे, आणि ती त्या कामातल्या माणसाने केलेली चूक आहे, "मी लोकांना नाही म्हणू शकत नाही" छापाची बनावट कमतरता नाही. सुधारणेतही फुशारकी नाही, एका शाखेत लावलं, वेळ संपला. आणि आकडे नाहीत. रिजेक्शन किती टक्के होतं ही जुन्या कंपनीची आतली माहिती, ती जो माणूस इथे सांगतो तो उद्या आमची तिकडे सांगेल असं मला तरी लगेच वाटतं.

लोक इथे काय चुकतात: "मॅनेजर बदलला आणि त्याला त्याची माणसं आणायची होती" हे खरंही असू शकतं. पण समोरच्याला ते तपासता येत नाही आणि तो बहुतेक वेळा स्वतः मॅनेजर असतो, त्यामुळे त्याची सहानुभूती कुठे जाते ते सांगायला नको. मॅनेजर बदलल्याने खरंच काम बदललं असेल तर कामाचं सांगा: "नवीन मॅनेजर आल्यावर माझं मोजमाप फाईलींच्या संख्येवरून चुकांच्या प्रमाणावर गेलं." माणूस वगळून घडलेली गोष्ट सांगता येते.

तपासा: उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. "ॲक्च्युअली", "बेसिकली", "म्हणजे तसं बघायला गेलं तर" हे जिथे जिथे येतंय ते वाक्य अजून तुमच्याच गळी उतरलेलं नाही. ते परत लिहा.

## ५. पहिला फोन: इथे छोटं उत्तर

पॅनलच्या आधी रिक्रूटरचा स्क्रीनिंग कॉल येतो आणि तो कधीही येतो, ठाण्याला गर्दीत चढताना, कुर्ल्याला नेटवर्क जातं तेव्हा. लोकलमध्ये दाराशी उभं राहून नोकरी का गेली हे ओरडून सांगायची काही गरज नाही. "ट्रेनमध्ये आहे, अर्ध्या तासाने मी करतो, चालेल?" म्हणा, आणि अर्ध्या तासाने खरंच करा.

रिक्रूटरला लांबलचक नको, तो तुमचं उत्तर एका ओळीत टाइप करून पुढे पाठवणार. म्हणून ती ओळ तुम्हीच द्या: "शेवटचा दिवस तेरा नोव्हेंबर, पीआयपीनंतर कंपनीने राजीनामा द्यायला सांगितलं, रिलिव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल झालेलं आहे, पॅनलला सविस्तर सांगेन." "पर्सनल रीझन" असं सांगितलंत तर तो तेच लिहितो, पॅनलसमोर तुम्ही पीआयपी म्हणता आणि आता दोन नोंदी वेगळ्या झाल्या.

नोटीस पिरियड किती विचारलं की "लगेच जॉइन करू शकतो" पुरे. पगार विचारला तर "सध्याचा" म्हणू नका, "शेवटचा" म्हणा, खरा आकडा द्या, स्लिप मागणारच आहेत. आणि तुम्ही रिकामे आहात कळल्यावर शेवटच्या पगारापेक्षा कमी बोली लागते, हे मुंबईत चालतं, तेव्हा खाली कुठपर्यंत उतरणार तो आकडा फोन यायच्या आधी घरी ठरवलेला बरा.

## ६. खोदून विचारतील त्याची तयारी

मुख्य उत्तर लोक पाठ करतात आणि दुसऱ्या प्रश्नाला घसरतात. हे चार आलटून पालटून येतात, कुणाला तरी समोर बसवून विचारायला लावा.

"पीआयपी योग्य होता असं वाटतं?" इथे पूर्ण शरणागतीही नको आणि वादही नको. डोंबिवलीवाला म्हणाला, "मुदत कमी वाटली, पण ज्या गोष्टीसाठी लावला ती गोष्ट खरी होती." एवढ्यावर थांबला. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण समोरचा मुद्दाम शांत बसतो आणि त्या शांततेत माणसं नको ते बोलून जातात.

"तुमच्या जुन्या मॅनेजरला फोन केला तर काय सांगतील?" याला "चांगलंच सांगतील" हे उत्तर नाही. "म्हणतील की फाईली वेळेत काढायचा, टीम सांभाळायचा, पण चुकांचं कारण शोधायला उशीर लावला." तुमच्या मुख्य उत्तरातली चूक आणि ही चूक एकच पाहिजे.

"इथे तसंच झालं तर?" इथे वचन देऊ नका, पहिल्या महिन्यात काय कराल ते सांगा. त्याने सांगितलं की पहिल्या दोन आठवड्यांत परत आलेल्या मँडेटची कारणानुसार यादी करेन आणि सगळ्यात मोठं कारण कुठलं ते तुमच्याशी बोलूनच पुढे जाईन. तो जे चुकला होता त्याच्या बरोब्बर उलट.

"मधले महिने काय केलं?" जे केलं तेच. इंटरव्ह्यू दिले, एका ओळखीच्याच्या ऑफिसात हिशोबाची मदत केली, आईचं ऑपरेशन होतं. फ्रीलान्स कन्सल्टिंग म्हणालात तर इन्व्हॉइस किंवा बँकेतली एंट्री दाखवता आली पाहिजे, काही कंपन्या फॉर्म २६एएस मागतात आणि कोणाकडून टीडीएस कापला गेला ते त्यात दिसतं.

## ७. बोलणं कामाकडे वळवा

उत्तराच्या शेवटी प्रश्न ठेवला तो यासाठी. पण प्रश्न कुठलाही चालत नाही. "तुमच्या कंपनीचं कल्चर कसं आहे?" विचारलं तर समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय. तुम्ही आत्ता जे सांगितलं त्याच्याशी जोडलेला, आणि या जागेवर रोज पडणाऱ्या कामाचा प्रश्न पाहिजे. मँडेट आधी की नंतर, हा तसा होता. गोरेगावनंतर दुसऱ्या एका कंपनीत त्याने तो विचारला तेव्हा समोरच्या मॅडम म्हणाल्या, नंतर होतं, आणि आमचीही परत येतात, आणि पुढची वीस मिनिटं ते दोघं फक्त त्यावर बोलले.

तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर जाहिरातीत जे काम लिहिलंय त्यातलं सगळ्यात किचकट कुठलं ते शोधा आणि तुमची चूक किंवा तुमचं बंद झालेलं डेस्क त्याच्या जवळ कुठे येतं ते बघा. कुठेच येत नसेल तर ओढून ताणून जोडू नका, "याबद्दल अजून काही विचारायचं असेल तर सांगतो, नाहीतर या जागेचं मला एक विचारायचं होतं" असं सरळ म्हणा आणि विचारा.

सावध: समोरच्याचा प्रश्न अर्धवट राहिलाय आणि तुम्ही वळवताय असं होऊ देऊ नका. तो परत नोकरी जाण्यावर आला तर तितक्याच शांतपणे परत उत्तर द्या, आणि वळवायचा प्रयत्न दुसऱ्यांदा करू नका, आता तो वळवेल.

## ८. फॉर्म, रेफरन्स, आणि व्हेरिफिकेशन

ऑफरच्या आसपास एक लांब फॉर्म येतो. त्यात "नोकरी सोडण्याचं कारण" असतं आणि कधीकधी "तुम्हाला कधी काढून टाकलं आहे किंवा राजीनामा द्यायला सांगितलं आहे का" असा हो-नाहीचा चौकोनही असतो, खाली सही असते की दिलेली माहिती खोटी निघाल्यास नोकरी रद्द होऊ शकते. इथे लोक लेटरवर "राजीनामा" आहे म्हणून "नाही" वर टिक करतात. प्रश्नात "राजीनामा द्यायला सांगितलं" असं असेल तर उत्तर "हो" आहे, आणि बाजूला एक ओळ: इंटरव्ह्यूत सविस्तर सांगितलं आहे, अमुक तारखेला, अमुक यांना.

रेफरन्समध्ये ज्याने काढलं त्याचंच नाव द्यायलाच हवं असं नाही. त्याच्या आधीचा मॅनेजर, किंवा ज्या टीमला तुम्ही रोज फाईली द्यायचा तिथला सीनियर चालतो, मात्र त्यांना आधी फोन करून तुम्ही इंटरव्ह्यूत काय सांगितलंय ते वाचून दाखवा. त्यांनी तुमच्या बाजूने खोटं बोलावं म्हणून नाही, "हो, पीआयपी होता" हे ऐकल्यावर त्यांनी गडबडून जाऊ नये म्हणून.

रिपोर्टमध्ये अँबर, म्हणजे काहीतरी जुळत नाही असा शेरा, किंवा "पडताळता आलं नाही" असं आलं तर गप्प बसू नका आणि जुन्या कंपनीला शिव्याही घालू नका. नवीन एचआरला त्याच दिवशी मेल करा: कुठल्या मुद्द्यावर अडलंय ते विचारा, आणि रिलिव्हिंग लेटर, पीएफची सर्व्हिस हिस्टरी आणि जुन्या एचआरने दुसऱ्या पायरीत दिलेलं उत्तर जोडा. डोंबिवलीच्या मुलाचं "परत घेण्यास पात्र: नाही" वरच अडलं. नवीन एचआरने पॅनलच्या नोंदी उघडल्या, त्यात पीआयपी आणि राजीनाम्याचं आधीच लिहिलेलं होतं, मॅडमचा एक फोन झाला आणि फाईल पुढे गेली.